मुख्य नंबर ई-सिमवर न्यायचा का? आधी फोन बंद पडला तर काय ते बघा

*"ताई, पुढच्या महिन्यात मुलीकडे परदेशात तीन आठवडे जातेय. ती म्हणते इकडच्या नेटसाठी ई-सिम घेऊन ये. तेवढ्यात माझ्या कंपनीचा पण मेसेज आला की जुनं सिम बदलून ई-सिम करून घ्या. माझा नंबर पंधरा वर्षं जुना आहे, बँकेचं सगळं त्यावरच येतं. फोनमध्ये सिमचा एकच ट्रे आहे आणि ई-सिम पण चालतं म्हणे. हे ई-सिम नक्की असतं कुठे? नंबर त्यावर नेला तर काही फायदा आहे का, की उगाच डोक्याला ताप?"*

आधी उत्तर सांगून टाकते, कारण सगळं नंतर निवांत वाचता येईल. प्रवासाच्या नेटसाठी ई-सिम नक्की घ्या, तुमच्या फोनला आणि तुमच्या कामाला ते अगदी बरोबर बसतं. तुमचा तो पंधरा वर्षांचा नंबर मात्र आत्ता हलवू नका, निदान जाऊन परत येईपर्यंत तरी नाहीच. एकाच नावामुळे दोन्ही गोष्टी सारख्या वाटतात पण त्यातला धोका खूप वेगळा आहे, आणि तो का वेगळा आहे हे कळायला सिमच्या आत काय असतं ते थोडं बघावं लागेल.

आपल्याला वाटतं सिममध्ये आपला नंबर असतो. खरं तर सिम हा एक छोटासा कॉम्प्युटर आहे, त्याला स्वतःची मेमरी असते, आणि त्यात कंपनीने दोन महत्त्वाच्या गोष्टी ठेवलेल्या असतात, एक म्हणजे ग्राहक म्हणून तुमचा ओळख क्रमांक आणि दुसरी म्हणजे एक गुप्त किल्ली. तीच किल्ली कंपनीकडेही असते. फोन टॉवरला जोडला जातो तेव्हा नेटवर्क एक आकडा पाठवतं, सिम त्या आकड्यावर आपली किल्ली वापरून एक हिशोब करतं आणि उत्तर परत पाठवतं, उत्तर जुळलं की तुम्हाला रेंज मिळते. किल्ली स्वतः कधीच बाहेर येत नाही, फोनला पण ती दिसत नाही. आणि तुमचा मोबाईल नंबर? तो कंपनीच्या रजिस्टरमध्ये त्या ओळख क्रमांकासमोर लिहिलेला असतो. म्हणूनच सिम हरवल्यावर नवीन सिमवर तोच नंबर मिळतो, कंपनी फक्त रजिस्टरमध्ये नंबर जुन्या ओळखीवरून काढून नव्या ओळखीसमोर लिहिते, आणि त्या क्षणी जुनं सिम मुकं होतं.

आता ई-सिम. इथे तो छोटा कॉम्प्युटर प्लास्टिकच्या तुकड्यावर नसतो, फोन बनवतानाच तो आतल्या बोर्डवर बसवलेला असतो. म्हणजे तुमच्या फोनमध्ये तो आत्तासुद्धा आहे, फक्त रिकामा आहे. डायल पॅडवर *#06# टाका, आयएमईआय नंबरांबरोबर EID असं लिहिलेला ३२ आकड्यांचा एक लांबलचक नंबर दिसला तर फोनमध्ये ई-सिमची चिप आहे असं समजा. त्या चिपमध्ये कंपनीची ती ओळख आणि किल्ली इंटरनेटवरून उतरवून घ्यायची असते, त्या पॅकेटला प्रोफाइल म्हणतात. एका चिपमध्ये बऱ्याच प्रोफाइल ठेवता येतात पण एका वेळी चालू एक किंवा दोनच राहतात, ते फोनच्या मॉडेलवर आहे.

मग तो क्यूआर कोड कशासाठी, असं तुम्ही विचाराल. बऱ्याच जणांना वाटतं क्यूआर म्हणजेच सिम. तसं नाही हो, त्यात फक्त एक पत्ता आणि एक पावती असते. कोड उलगडला तर साधारण अशी ओळ दिसते (ही मी नमुन्यासाठी केलेली आहे, चालणार नाही):

```
LPA:1$smdp.example.com$K7QX-93TM-41ZB
```

डॉलरच्या पहिल्या खुणेनंतर आहे तो कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता, जिथे तुमची प्रोफाइल तयार करून ठेवली आहे, आणि दुसऱ्या खुणेनंतरचा कोड म्हणजे तुमची पावती. फोन त्या पत्त्यावर जातो, तुमची चिप आणि सर्व्हर एकमेकांची सर्टिफिकेटं तपासतात, मग सर्व्हर ते पॅकेट फक्त तुमच्याच चिपला उघडता येईल असं कुलूपबंद करून पाठवतो. एकदा ते चिपमध्ये बसलं की सर्व्हर आपल्याकडे नोंद करतो की ही पावती वापरली गेली. त्यामुळे तोच क्यूआर दुसऱ्या फोनवर स्कॅन केला तर सहसा चालत नाही. आणि प्रोफाइल चुकून डिलीट केली तर त्याच फोनवरसुद्धा पुन्हा चालेल याची खात्री नसते, काही कंपन्या परत उतरवू देतात, बऱ्याच नाही देत.

इथेच सगळी गोम आहे. किल्ली चिपमधून बाहेर काढता येत नाही, म्हणजे ई-सिमची कॉपी होत नाही, बॅकअपमध्ये ते जात नाही, फोटो आणि कॉन्टॅक्ट जसे नव्या फोनवर येतात तसं ते येत नाही. हे मुद्दाम तसं बनवलंय, कारण कॉपी काढता आली असती तर कोणीही तुमचा नंबर चोरून आपल्या फोनवर चालवला असता. नव्या फोनमध्ये "जुन्या फोनवरून ई-सिम आणा" असा पर्याय येतो ना, तिथेही कॉपी होत नाही, जुना फोन कंपनीला कळवतो की माझा मालक आता या दुसऱ्या फोनवर जातोय आणि कंपनी नव्या चिपसाठी नवीन प्रोफाइल काढून देते. म्हणजे त्यासाठी कंपनीने ती सोय दिलेली पाहिजे, आणि मुख्य म्हणजे बहुतेक वेळा जुना फोन चालू पाहिजे.

जुना फोन चालू नसेल तर काय होतं ते माझ्या बहिणीच्या बाबतीत मी जवळून बघितलंय, म्हणून तुम्हाला इतकं सांगतेय. तिने आपला मुख्य नंबर ई-सिमवर नेला होता, दोन महिने छान चाललं, रेंजमध्ये नेटमध्ये काहीच फरक नाही (तो पडतही नाही, अँटेना तीच असते). मग एका दुपारी फोन जिन्यावरून खाली गेला आणि पूर्ण बंद. घरात एक जुना फोन पडलेला होता, साधं सिम असतं तर ट्रे काढून दोन मिनिटांत त्यात घातलं असतं आणि काम चालू. पण त्या जुन्या फोनला ई-सिमची सोयच नव्हती. बरं, भाओजींच्या फोनवरून कस्टमर केअरला फोन लावला तर ते म्हणाले कंपनीच्या अॅपमधून नवीन ई-सिम मागा. अॅपमध्ये लॉगिनसाठी ओटीपी येतो, कुठे? त्याच बंद पडलेल्या नंबरवर. मग म्हणाले आम्ही ईमेलवर क्यूआर पाठवतो, तर कंपनीकडे नोंदवलेला ईमेल होता तिच्या आधीच्या नोकरीतला, तो केव्हाच बंद झालेला. आणि तिचा स्वतःचा ईमेल दुसऱ्या डिव्हाइसवर उघडायला गेलो तर त्यालाही एसएमएसवरचा कोड हवा. तिन्ही दारांची किल्ली एकाच घरात आणि ते घर कुलूपबंद, अशी अवस्था. शेवटी दुसऱ्या दिवशी ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जावं लागलं, तिथून साधं प्लास्टिकचं सिम मिळालं, संध्याकाळी ते चालू झालं, पण सिम बदलल्यावर फसवणूक टाळायला काही तास एसएमएस बंद ठेवतात तसे तिचेही ठेवले होते, त्यामुळे बँकेचे कोड यायला आणखी एक दिवस गेला. मिळून जवळजवळ दोन दिवस ती आपल्याच पैशांपासून लांब, आणि हे सगळं घरात असताना, कंपनीचं दुकान चालत जाण्याच्या अंतरावर असताना झालं.

आता हेच तुमच्या प्रवासात झालं असं धरा. दुकान दुसऱ्या देशात, ओळख पटवायला तुम्ही समोर नाही, कस्टमर केअरचा छोटा नंबर बाहेरून लागत नाही. म्हणून म्हटलं की जायच्या आधी मुख्य नंबर हलवायचा नाही. तुमचं प्लास्टिकचं सिम ट्रेमध्येच राहू दे, फोनला काही झालं तर मुलीच्या घरातल्या कुठल्याही जुन्या फोनमध्ये ते घातलं की तुमचा नंबर परत जिवंत (तो फोन कंपनीने लॉक केलेला नसला म्हणजे झालं).

प्रवासाचं ई-सिम मात्र गेलं तरी फार बिघडत नाही, तीन आठवड्यांचं नेट होतं, दुसरं विकत घेता येतं, त्यावर बँक नाही काही नाही. म्हणून धोका वेगळा म्हटलं. ते बसवताना काय करायचं ते सांगते, यातल्या चुका नेहमीच्या आहेत.

विकत घेण्याआधी फोन एखाद्या कंपनीला लॉक तर नाही ना हे सेटिंगमध्ये बघा, हप्त्यांवर कंपनीकडून घेतलेले फोन कधी कधी लॉक असतात आणि मग दुसऱ्या कंपनीची प्रोफाइल चालत नाही. मग प्लॅनच्या अटींमध्ये एकच गोष्ट नीट वाचा, दिवस कधीपासून मोजायला लागतात, बसवल्याच्या दिवसापासून की तिकडच्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यापासून. दुसऱ्या प्रकारचं असेल तर निघायच्या दोन दिवस आधी घरच्या वायफायवर शांतपणे बसवून टाका. पहिल्या प्रकारचं असेल तर निघायच्या दिवशी बसवा, पण घरीच, वायफायवर. विमानतळावर उतरल्यावर बसवू म्हणाल तर अडचण अशी की ई-सिम उतरवायलाच इंटरनेट लागतं आणि इंटरनेटसाठीच तर ते हवं असतं.

क्यूआर तुमच्याच फोनवर ईमेलने येईल आणि त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन कसा करणार, इथे बरेच लोक अडतात. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर तो उघडा आणि स्कॅन करा, किंवा सेटिंगमध्ये हाताने टाकायचा पर्याय असतो तिथे वरच्या ओळीतला पत्ता आणि कोड वेगवेगळे टाका, ईमेलमध्ये ते बहुतेक लिहिलेले असतात. बसवताना मध्येच वायफाय तुटू देऊ नका, आणि बसल्यावर "नो सर्व्हिस" दिसलं म्हणून घाबरून डिलीट करू नका, घरी बसून त्याला तिकडचं नेटवर्क मिळणारच नाही, ते तसंच दिसायला हवं. मी आत्तापर्यंत ऐकलेल्या तक्रारींपैकी सगळ्यात वाईट वाटावं अशी हीच, चांगलं बसलेलं ई-सिम लोक स्वतःच डिलीट करतात आणि पावती वाया जाते.

मग दोन्ही लाइनना नावं द्या, एक "घर" आणि एक "प्रवास". तिकडे उतरल्यावर मोबाईल डेटा "प्रवास" वर ठेवा आणि त्या लाइनचं डेटा रोमिंग चालू करा, हे चालू करायला लोक घाबरतात पण प्रवासाचं ई-सिम बऱ्याचदा रोमिंगवरच चालतं, त्याशिवाय नेट येत नाही. "घर" लाइन चालू ठेवायची पण तिचं डेटा रोमिंग बंद. आणि गरज पडली तर डेटा दुसऱ्या लाइनवर आपोआप जाऊ देणारं एक बटण असतं ते बंद करा, नाहीतर प्रवासाच्या लाइनची रेंज गेली की फोन गुपचूप घरच्या लाइनवरून नेट ओढायचा प्रयत्न करतो. घरच्या नंबरवर रोमिंग सुरू आहे का आणि बाहेर असताना एसएमएस यायला पैसे पडतात का हे कंपनीला निघायच्या आधी विचारून घ्या, बँकेचे कोड त्यावरच यायचेत. आलेला कॉल उचलला तर मात्र बरेच पैसे जाऊ शकतात, तो उचलू नका, नेटवरून परत फोन करा. व्हॉट्सअॅपला काहीही हात लावायचा नाही, नवीन नंबर घ्यायचा का विचारलं तर नको म्हणा. प्रवासाच्या ई-सिमला बहुतेक वेळा कॉल करण्यासारखा नंबरच नसतो, ते फक्त नेटसाठी असतं.

आता तुमच्या कंपनीच्या मेसेजकडे येते, म्हणजे मुख्य नंबर कधी न्यावा. मी ई-सिमच्या विरोधात अजिबात नाही, काही बाबतीत ते प्लास्टिकपेक्षा खरंच चांगलं आहे. सगळ्यात मोठा फायदा चोरीच्या वेळचा. फोन चोरीला गेला आणि आत साधं सिम असेल तर चोर ते काढून आपल्या फोनमध्ये घालू शकतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे यायला लागतात, फोनचं लॉक न उघडता. ई-सिम असं काढता येत नाही, आणि ते काढून फेकता येत नसल्यामुळे फोन चालू असेतोवर तो शोधता येण्याची शक्यता पण थोडी वाढते. पण हे ऐकून लगेच ई-सिम करायची गरज नाही, साध्या सिमलाही पिन लावता येतो, चार ते आठ आकड्यांचा, म्हणजे सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की आधी पिन मागतं, तीनदा चुकलं की बंद आणि मग कंपनीचा पीयूके कोड लागतो. फार कमी लोक हा लावतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. तुम्ही लावा, निघायच्या आधीच लावा, मात्र त्या सिमचा सुरुवातीचा पिन कंपनीने ठरवलेला असतो, तो अंदाजाने टाकत बसू नका, कंपनीला विचारा, आणि पीयूके पण वहीत लिहून ठेवा.

दुसरं खरं कारण म्हणजे ट्रे रिकामा हवा असणं, एकच ट्रे आणि दोन कायमचे नंबर. आणि तिसरं, ज्याला काही पर्यायच नाही, फोनलाच ट्रे नसणं. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन २०२२ सालच्या आयफोन १४ पासून बिनट्रेचे आहेत, आणि पुढे असे फोन इतरत्रही येत चाललेत, त्यामुळे कधीतरी तुम्हालाही हे करावं लागेलच, तेव्हा घाईत होऊ नये म्हणून तयारी आधी करून ठेवलेली बरी.

तयारी म्हणजे काय, तर बहिणीच्या वेळी जी तीन दारं बंद होती ती आधीच उघडी ठेवायची. कंपनीकडे नोंदवलेला ईमेल तुमचा चालू ईमेल आहे ना ते बघा. तो ईमेल एसएमएसशिवाय उघडता येईल अशी सोय करा, म्हणजे बॅकअप कोड काढून कागदावर ठेवा किंवा घरातल्या दुसऱ्या एखाद्या डिव्हाइसवर तो लॉगिन ठेवा. आणि घरात ई-सिम चालणारा दुसरा फोन कुणाकडे आहे का ते *#06# टाकून बघून ठेवा. शिवाय कंपनीला एक प्रश्न सरळ विचारा, "माझा फोन पूर्ण मेला आणि मी गावाबाहेर असले तर मला नवीन ई-सिम कसं मिळेल, किती वेळात?" उत्तर "दुकानात या" एवढंच असेल तर प्लास्टिकचं सिम सोडायची घाई करू नका. दर काही महिन्यांनी फोन बदलणाऱ्यांनी, किंवा एकच सिम कधी या फोनमध्ये कधी त्या फोनमध्ये घालणाऱ्यांनी पण नको, त्यांना प्रत्येक वेळी कंपनीच्या दारात जावं लागेल.

ई-सिम केल्यावर फोन दुरुस्तीला देताना पण एक लक्षात ठेवा, स्क्रीन किंवा बॅटरी बदलली तर काही होत नाही, पण मदरबोर्ड बदलला तर चिप त्याच्याबरोबर गेली, EID बदलला, नंबर पुन्हा नव्याने घ्यावा लागतो. आणि फोन रीसेट करताना ई-सिम पण पुसायचं का असं विचारतात तिथे ठेवायचं हेच निवडा. जुन्या सिमवर कॉन्टॅक्ट साठवलेले असतील, पंधरा वर्षांच्या सिमवर असायची शक्यता आहे, ते आत्ताच फोनमध्ये उतरवून घ्या, ई-सिम करताना ते आपोआप येत नाहीत.

शेवटी त्या मेसेजबद्दलच. तो कंपनीचाच आहे याची तुम्हाला खात्री आहे का? ई-सिम अपग्रेडच्या नावाने फोन करून लोकांकडून कोड काढून घेतात, "हा एसएमएस अमुक नंबरवर पाठवा", "ईमेलवर आलेला क्यूआर आम्हाला फॉरवर्ड करा", आणि मग तुमच्या नंबरची प्रोफाइल त्यांच्या फोनवर उतरते. वर सांगितलं तसं, रजिस्टरमध्ये नोंद बदलली की तुमचं सिम मुकं होतं, त्यामुळे याची खूण म्हणजे शेजारच्या माणसाला त्याच कंपनीची रेंज आहे आणि तुमची अचानक गेली, फोन बंद-चालू करूनही आली नाही. तसं झालं तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही, दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला सांगून खातं थांबवायचं आणि लगेच कंपनीला नंबर बंद करायला सांगायचं. त्या मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका, परत आल्यावर खरंच बदलायचं ठरलं तर स्वतः कंपनीच्या अॅपमधून किंवा दुकानातूनच करा. आणि प्रवासाची प्रोफाइल घरी पोचल्यावर, मुदत संपलेली बघून, मग डिलीट करा, डिलीट करताना वरचं नाव "प्रवास" आहे ना ते एकदा वाचून.